सहा वर्षांनी जुन्या सहकाऱ्याला मेसेज: बरणीचं झाकण, एक प्रश्न आणि मधे झालेली एक चूक

हे प्रकरण माझ्या शेजारच्या ताईंचं आहे. त्यांना विचारून लिहितेय, खरी नावं देत नाही, कंपन्यांची पण नाही. त्यांना मी ताईच म्हणते म्हणून इथेही ताईच. त्यांच्या जुन्या सहकाऱ्याचं कंपनीत एक टोपणनाव होतं, तेही बदललंय, इथे त्याला मायक्रॉन म्हणू. मी स्वतः एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये एचआर-अ‍ॅडमिन बघते, म्हणून ताईंनी मेसेजचा पहिला ड्राफ्ट मला दाखवला, आणि म्हणूनच मला यातलं सगळं पहिल्यापासून माहितीये.

## पार्श्वभूमी

ताई भोसरीच्या एका अ‍ॅल्युमिनियम मशीनिंगच्या कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला होत्या, 2013 ते 2018. मायक्रॉन पण त्याच वर्षी लागलेला, त्याच टेबलावर, तिच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. दोघं एकाच पायरीवर, एकाच डब्यात जेवणारे. इथे मायक्रॉन हे नाव घेतलं, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, कारण प्रॉडक्शनवाले "अहो दोन मायक्रॉनने काय होतंय" म्हणायचे आणि हा दोन मायक्रॉनसाठी पार्ट अडवून बसायचा.

एक रात्र दोघांच्या कायम लक्षात राहिली, ती इथे सांगायलाच हवी कारण पुढे सगळं तिच्यावर फिरतं. 50 मिलिमीटरचा बोअर म्हणजे पार्टमधलं गोल भोक, एच7 वर्गाचं, म्हणजे मापात चालणारी सूट, टॉलरन्स, सगळा मिळून 25 मायक्रॉन. रात्री अकराला अचानक लॉटच्या लॉट ओव्हरसाइज दाखवायला लागला, हवेच्या दाबाने भोक मोजणाऱ्या एअर गेजवर 33, 35, 36. मशीनवाला म्हणतो टूल बरोबर आहे, गेजवाला म्हणतो मास्टर रिंग, म्हणजे नेमक्या मापाची कडी, लावून बघितलं गेज बरोबर आहे, आणि सकाळी सातला गाडी भरायची. दोन तास सगळे एकमेकांवर ढकलत होते. शेवटी ताईंनी सहज एक पार्ट हातात घेतला तर तो कोमट लागला. पार्ट धुणाऱ्या वॉशिंग मशीनचं पाणी त्या दिवशी जास्त तापलं होतं आणि घाईत लोक पार्ट बाहेर काढून थेट गेजवर लावत होते. अ‍ॅल्युमिनियम एका मीटरला एका डिग्रीमागे 23 मायक्रॉन वाढतं, पार्ट मास्टरपेक्षा 15 डिग्री गरम असेल तर 50 मिलिमीटरच्या बोअरला साधारण 17 मायक्रॉन नुसत्या उष्णतेचे. म्हणजे खरा 18 वर असलेला चांगला पार्ट गेजवर 35 दाखवणार. मग दोघांनी सगळे ट्रे ग्रॅनाइटच्या टेबलावर आणि पंख्याखाली मांडले, चहा आणला, तासाभराने परत मोजले, लॉट पास. त्यानंतर कितीतरी महिने कोणी जास्त तापला की "याला पंख्याखाली ठेवा" हा त्यांच्या डिपार्टमेंटचा जोक होता.

2018 च्या डिसेंबरात ताईंनी नोकरी सोडली. सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता, घरात बघायला दुसरं कोणी नव्हतं, मुलगी लहान. 2019 मध्ये मायक्रॉनच्या लग्नाची पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर आली, ताई गेल्या नाहीत, आणि त्याहून वाईट म्हणजे उत्तर पण दिलं नाही. त्या म्हणतात, दवाखान्यात होते, नंतर देऊ म्हटलं आणि राहिलं ते राहिलंच. लॉकडाऊनमध्ये त्याचा एक मिस्ड कॉल होता, तोही तसाच. मग कित्येक वर्षं काहीच नाही.

## अडचण

2025 च्या फेब्रुवारीत ताईंनी परत काम सुरू करायचं ठरवलं. सासरे वारले होते, मुलगी सातवीत गेली होती. कामाची भीती नव्हती, भीती होती मधे काय बदललं याची. आणि एक गोष्ट खरंच बदलली होती.

त्यांच्या वेळी एफएमईए म्हणजे आरपीएन. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, प्रोसेसमध्ये काय काय चुकू शकतं याची ती एक मोठी शीट असते, प्रत्येक चुकीला तीन आकडे द्यायचे एक ते दहामध्ये, परिणाम किती गंभीर म्हणजे सेव्हेरिटी, किती वेळा होईल, आणि पकडली जाणं किती अवघड. तिन्हीचा गुणाकार म्हणजे आरपीएन. बऱ्याच ठिकाणी पद्धत अशी की 100 च्या वर गेलं तर अ‍ॅक्शन घ्यायची. मग लोक काय करायचे, 8 गुणिले 4 गुणिले 4 म्हणजे 128 आलं की शेवटच्या चारचा तीन करायचे, झाले 96, विषय संपला. शिवाय 8, 3, 4 चा गुणाकारही 96 आणि 3, 8, 4 चा पण 96, एकात गाडीच बंद पडू शकते आणि दुसऱ्यात नुसता डाग दिसतो पण आकडा सारखाच. 2019 च्या जूनमध्ये अमेरिकन आणि जर्मन गाडी-उद्योगाच्या संघटनांनी मिळून नवीन हँडबुक काढलं, त्यात आरपीएन काढून टाकला आणि अ‍ॅक्शन प्रायॉरिटी म्हणजे एपी आणली. गुणाकार नाही, टेबलात बघायचं, गंभीरपणाला आधी वजन, आणि उत्तर हाय, मीडियम किंवा लो. ताईंनी नोकरी सोडल्यावर सहा महिन्यांनी.

आता हँडबुक बदललं हे कोणालाही शोधून कळतं. ताईंना कळत नव्हतं ते हे की चाकण-भोसरीत प्रत्यक्षात लोक काय वापरतात. पुस्तकातलं एपी पाठ करून गेलो आणि समोरचा अजून आरपीएनची शीट घेऊन बसलेला असेल तर? किंवा उलटं? हे सांगणारा माणूस म्हणजे मायक्रॉन, कारण तो आता चाकणच्या एका मोठ्या कंपनीत सप्लायर क्वालिटीचा मॅनेजर झाला होता, म्हणजे पन्नास कंपन्यांच्या शीट त्याच्या टेबलावरून जाणार.

आणि नेमकं त्यालाच मेसेज करायला तोंड नव्हतं.

## काय काय पर्याय होते

पहिला ड्राफ्ट ताईंनी मला फोनवर दाखवला तो साधारण असा होता (त्यांनी डिलीट केला, आठवेल तसा देते): "नमस्कार सर, कसे आहात? ओळखलंत का? खूप वर्षांनी मेसेज करतेय, आधी तर तुमच्या लग्नाला येता आलं नाही त्याबद्दल मनापासून सॉरी, तेव्हा घरी खूप अडचण होती..." आणि अशा अकरा ओळी, सासऱ्यांचं आजारपण, गॅप, नव्याने सुरुवात, "तुमच्या कंपनीत किंवा ओळखीत काही असेल तर नक्की सांगा", आणि खाली सीव्हीची पीडीएफ. शिवाय एक ओळ, "तुमच्याकडची एखादी नवीन एफएमईए सॅम्पल म्हणून पाठवाल का, अभ्यासाला बरी पडेल."

मी म्हटलं ताई, पाठवू नका, बसा आधी. माझ्याकडे असे मेसेज आठवड्याला येतात, मला माहितीये वाचणाऱ्याचं काय होतं. तो ओळखतो, त्याला वाईट पण वाटतं, पण उत्तर काय द्यायचं हे सुचत नाही कारण एकात चार मागण्या असतात, मग "निवांत लिहू" म्हणून बाजूला ठेवतो आणि तो मेसेज खाली जातो. ताईंनी लग्नाच्या पत्रिकेचं जे केलं तेच.

मग आम्ही पर्याय बोललो. सरळ पोर्टलवर अर्ज टाकत राहायचे, मायक्रॉनला त्रासच द्यायचा नाही, हा एक. पण ताईंनी तसे दोन आठवडे टाकले होते आणि सहा वर्षांचा गॅप बघून पुढे काही हलत नव्हतं. लिंक्डइनवर लिहावं असं माझं मत होतं, ताईंनी ते मोडीत काढलं, म्हणाल्या प्लांटमधली माणसं लिंक्डइन दिवाळीला उघडतात. जुन्या कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारणं म्हणजे चाळीस जणांपुढे. थेट फोन, तर सहा वर्षांनी अचानक फोन वाजला की माणूस आधी घाबरतो, कोण गेलं का. उरला एक छोटा मेसेज.

सॅम्पल शीटची ओळ आम्ही पहिल्यांदा काढली. ताईंना ती सगळ्यात साधी मागणी वाटत होती, एक फाइलच तर, पण ती सगळ्यात मोठी होती. कंपनीची एफएमईए ही कस्टमरच्या पार्टची माहिती असते, ती बाहेर मेल केली आणि कोणी बघितलं तर त्याची नोकरी जाऊ शकते. तो नाही म्हणणार, आणि नाही म्हणताना त्याला अवघड होणार, आणि तिथेच गोष्ट संपणार. तर फाइल नको, फक्त तोंडी उत्तर. "काय वापरतात" एवढंच. हे कंपनीचं गुपित नाही, बाजारातलं ज्ञान आहे.

## तू की तुम्ही

यावर आम्ही अर्धा तास घालवला, हसू नका. जुन्या दिवसांत दोघं अरे-तुरे. पण तो आता मॅनेजर, हाताखाली सात-आठ माणसं. ताईंना "तुम्ही" आणि "सर" सुरक्षित वाटत होतं. जुन्या कंपनीत एकमेकांना "काय साहेब" म्हणायची पद्धत होती, गमतीत, पण आता तो खरंच साहेब झालाय तर ते टोचून बोलल्यासारखं वाटेल, ते पण बाद.

ताईंनी मधला मार्ग काढून बघितला, क्रियापदच टाळायचं, "कसं चाललंय", "काय चालू आहे सध्या". हे आपण सगळेच करतो. पण तीन वाक्यांच्या पुढे ते निभत नाही आणि वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस तू-तुम्हीमधे लोंबकळतोय. शेवटी मीच म्हटलं की तुम्ही त्याला टोपणनावाने हाक मारणार ना, मग "अरे मायक्रॉन, तुम्ही" हे कसं दिसेल. तुम्ही लिहिलं तर त्याला पहिला अर्थ लागणार की ताई दूर गेल्या किंवा काहीतरी मोठं मागणार. तू ठरलं. हे सगळीकडे चालेल असं नाही, मायक्रॉन वयाने मोठा असता किंवा त्या काळी अहो-जाहो असतं तर मी स्वतः तुम्ही म्हटलं असतं.

## सुरुवात कशी सापडली

"ओळखलंस का" आणि "कसा आहेस" या दोन्ही सुरुवाती मला आवडत नाहीत. पहिली परीक्षा घेते. दुसरीला उत्तर "मस्त, तू कशी" एवढंच येतं आणि मग परत चेंडू आपल्याकडे, मग मुद्दा काढायचा, तेव्हा तो मुद्दा कळवळून काढल्यासारखा वाटतो.

सुरुवात ताईंनाच सापडली आणि ती आम्ही बसून शोधलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे लोणच्याच्या काचेच्या बरणीचं पत्र्याचं झाकण निघेना. त्यांनी झाकण गरम पाण्याच्या धारेखाली धरलं, टचकन सुटलं, आणि त्या एकट्याच ओट्यापाशी हसत उभ्या, कारण तीच वॉशिंग मशीनवाली रात्र. धातू तापला, वाढला, काच तेवढी वाढली नाही, झाकण सैल. मला खाली येऊन सांगितलं आणि मी म्हटलं, हेच लिहा, आत्ता लिहा.

शेवटचा मेसेज हा:

"अरे मायक्रॉन, मी ताई, भोसरी, फायनल इन्स्पेक्शनवाली. आज लोणच्याच्या बरणीचं झाकण निघेना, गरम पाण्याखाली धरलं आणि सुटलं, आणि आपली ती पंख्याखालची रात्र आठवली, एकटीच हसत होते. तुला एक छोटं विचारायचं होतं. मी सोडलं तेव्हा एफएमईए आरपीएनवर होतं, आता तुझ्याकडे जे सप्लायर येतात ते एपी वापरतात की अजून आरपीएनच चालू आहे? एवढंच. सवडीने सांग, व्हॉइस नोट टाकलीस तरी चालेल."

नाव आणि जागा पहिल्याच वाक्यात, कारण त्याने फोन बदलला असेल तर नंबर सेव्ह असेलच असं नाही. त्याचा नंबर अजून तोच आहे का हे ताईंनी आधी एका तिसऱ्या जुन्या मैत्रिणीकडून खात्री करून घेतलं, आणि बरं केलं, बंद पडलेले नंबर दुसऱ्याला दिले जातात. लग्नाची माफी ठेवायची की नाही यावर आमचं जमलं नाही. मी म्हटलं नको, माफीने सुरुवात केली की त्याला आधी "अगं काही नाही गं" म्हणायचं काम लागतं. ताईंना खटकत होतं पण त्यांनी माझं ऐकलं.

सीव्ही नाही, नोकरीचा शब्द नाही. यातलं दुसरं चुकलं, त्यावर पुढे येते.

## पाठवल्यावर

मेसेज गेला गुरुवारी 27 फेब्रुवारीला दुपारी. संध्याकाळपर्यंत निळ्या टिका. उत्तर नाही. शुक्रवार, शनिवार नाही. ताईंनी शनिवारी रात्री मला विचारलं, एक "?" टाकू का. मी म्हटलं थांबा, तारीख बघा. गाडीच्या पार्टच्या धंद्यात महिन्याचे शेवटचे चार दिवस म्हणजे डिस्पॅचचे दिवस, सगळे आकडे महिनाअखेरीला पुरे करायचे असतात, सप्लायर क्वालिटीवाला तर तेव्हा कोणाच्या तरी रिजेक्ट लॉटपाशी उभा असतो. ही गोष्ट ताईंना माझ्यापेक्षा जास्त माहिती, सहा वर्षं घरी राहून त्यांच्या डोक्यातून गेली होती. पाठवतानाच बघायला हवं होतं, पाच तारखेनंतर पाठवला असता तर तीन दिवस जीव टांगणीला लागला नसता.

रविवारी 2 मार्चला सकाळी साडेनऊला व्हॉइस नोट आली, पावणेदोन मिनिटांची. पहिली वीस सेकंद नुसता हसतोय. मग मुद्द्याचं. नवीन पार्टला सगळीकडे एपीच मागतात. पण जे पार्ट आधीपासून चालू आहेत त्यांच्या शीट बऱ्याच सप्लायरकडे अजून आरपीएनवरच आहेत, कस्टमरने बदला म्हटलं की मग बदलतात. आणि पुढे स्वतःहून म्हणाला, "टेबल पाठ करू नकोस ताई, टेबल समोर असतं. लोक अडकतात ते सेव्हेरिटी कुठून आणली यावर. मनाने टाकतात. कस्टमरच्या डिझाइनच्या शीटमधून यायला पाहिजे ती, तू ठरवायची नाही." शेवटी, "पण तू हे का विचारतेयस, जॉइन करतेयस की काय कुठे?"

ही व्हॉइस नोट ताईंनी मला तीनदा ऐकवली.

## चूक

आणि मग त्या आनंदात, दहा मिनिटांत, मला न विचारता (विचारायची गरज नव्हती, मोठ्या आहेत) ताईंनी उत्तर लिहिलं. थँक्यू, हो परत सुरू करायचंय, तुमच्याकडे जागा आहे का काही, आणि सीव्हीची पीडीएफ.

उत्तर आलं, "बघतो". आणि अंगठा.

ज्यांनी कोणाकडे काम मागितलंय त्यांना "बघतो" म्हणजे काय ते सांगायला नको. त्यानंतर तीन आठवडे शांतता. ताईंना वाटलं तो उखडला. माझं मत तेव्हाही वेगळं होतं आणि आजही आहे. त्यानेच विचारलं होतं "जॉइन करतेयस का", त्यामुळे सांगणं चूक नव्हतंच. घोळ असा झाला की त्याने मोकळेपणाने मदत केली, आणि दहा मिनिटांत त्याला दिसलं की लोणच्याची बरणी, पंखा, एफएमईए हे सगळं या पीडीएफसाठी होतं. तसं नव्हतं, बरणी खरी होती, प्रश्न खरा होता, पण दिसलं तसं. पहिली मागणी गळ झाली, दुसरी मासा.

इथे दोष माझा पण आहे. पहिल्या मेसेजमधून नोकरीचा विषय मीच पूर्ण काढायला लावला होता, मागणी छोटी राहावी म्हणून. मागणी छोटी ठेवणं आणि कारण लपवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तेव्हा सुचलं नाही. "परत काम सुरू करायचा विचार आहे, म्हणून विचारतेय" एवढे आठ शब्द घातले असते तर मागणी तेवढीच छोटी राहिली असती, त्याला कारण पहिल्या दिवशी कळलं असतं, आणि जागा असती तर तो स्वतःच बोलला असता. नसती तर न बोलण्याची वाट त्याच्याकडे राहिली असती.

## सावरलं कसं

ताईंना परत मेसेज करून "तसं नव्हतं रे" असं समजवायचं होतं. ते मी करू दिलं नाही, समजावलं की अजून चिकटतं. म्हटलं थांबा, काही सांगण्यासारखं झालं की सांगा.

शुक्रवारी 21 मार्चला चाकणला एका कंपनीत इंटरव्ह्यू झाला, पोर्टलवरूनच आलेला. समोर दोघं जण, त्यातल्या एकाने खरंच एक जुनी आरपीएनची शीट पुढे सरकवली आणि म्हणाला ही एपीवर न्यायची असेल तर पहिलं काय कराल. ताई म्हणाल्या, आधी सेव्हेरिटी तपासेन, कस्टमरकडून आलीय की इथे कोणी टाकलीय, ती चुकीची असेल तर टेबलातून येणारं पुढचं उत्तर पण चुकणार. समोरचा मान हलवत लिहायला लागला. ती नोकरी झाली नाही, त्यांना सेकंड शिफ्टला माणूस हवा होता आणि ताईंना मुलीमुळे ते शक्य नव्हतं. पण त्या रात्री त्यांनी मायक्रॉनला दोन ओळी टाकल्या:

"आज इंटरव्ह्यूत तुझा सेव्हेरिटीवाला प्रश्न जसाच्या तसा आला. बरोबर सांगता आलं. शिफ्टमुळे नोकरी नाही जमली पण तुला सांगायचं होतं. उत्तर नको देऊस, मार्चएंड आहे, पार्ट पंख्याखाली ठेव."

यात काही मागितलेलं नाही, आणि उत्तराची सुटका आधीच करून ठेवलीय. मला वाटतं अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात चांगला मेसेज हा होता, आणि तो पूर्ण ताईंचा.

गुढीपाडव्याला, 30 मार्चला दुपारी त्याचा फोन आला, जेवण झाल्यावर, पाऊण तास. लग्नाचा विषय निघालाच. ताई म्हणाल्या मी तुला उत्तर पण नाही दिलं, तर तो म्हणाला मला नंतर कळलं होतं तुझ्या घरचं, कोणीतरी सांगितलं, मी म्हणून फोन केला होता लॉकडाऊनमध्ये. म्हणजे ज्या मिस्ड कॉलची ताईंना इतकी वर्षं लाज वाटत होती तो चौकशीचा कॉल होता. हे ऐकल्यावर मला वाटलं की माफीची ती एक ओळ पहिल्या मेसेजच्या शेवटी चालली असती कदाचित, मी उगीच कापली.

मग तो "बघतो"बद्दल स्वतः बोलला. त्याच्या कंपनीत भरती बंद होती. ज्यांच्याकडे जागा होत्या ते त्याचे सप्लायर, आणि तिथे तो ताईंचं नाव टाकू शकत नव्हता. कस्टमरचा क्वालिटी मॅनेजर सप्लायरला म्हणाला की "ह्यांना घ्या", तर ती शिफारस नाही, दबाव होतो, उद्या त्याच सप्लायरचा लॉट पास केला तर लोक बोट दाखवणार. म्हणाला, "मी नाही म्हणू शकत नव्हतो आणि हो पण, म्हणून अंगठा टाकला." आम्ही दोघींनी त्या अंगठ्याचे तीन आठवडे काय काय अर्थ लावले होते.

नाव टाकलं नाही, पण एक गोष्ट सांगितली. जुन्या शीट एपीवर न्यायचं काम खूप ठिकाणी तुंबलंय, कायमची माणसं रोजच्या रिजेक्शनमधून सुटत नाहीत, तर सीव्हीवर "क्वालिटी इन्स्पेक्शन, पाच वर्षं" असं वर लिहिण्यापेक्षा हे काम करू शकते असं लिही, आणि जे माझे सप्लायर नाहीत त्यांच्याकडे टाक.

## निकाल

ताईंनी सीव्हीची वरची तीन वाक्यं बदलली. मे महिन्यात भोसरीतच एका छोट्या कंपनीत सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर लागल्या, जनरल शिफ्ट, जुन्या शीट नवीन पद्धतीवर आणायच्या. पगार 2018 मधल्या शेवटच्या पगारापेक्षा थोडाच जास्त, सहा वर्षांची महागाई धरली तर कमीच, हे ताई स्वतः सांगतात. नोकरी मायक्रॉनने लावली असं म्हणता येणार नाही, न लावली असंही नाही.

परत करायचं झालं तर काय बदलू, तर तारीख आणि ते आठ शब्द. सीव्ही त्याने मागितल्याशिवाय नाही, आणि त्याने "जॉइन करतेयस का" विचारल्यावर उत्तर फक्त त्या प्रश्नाचं, "हो, विचार आहे, एप्रिलपासून", पुढे टिंब. एक शंका मला अजून आहे. बरणीचं झाकण अडकलं नसतं तर आम्ही काय लिहिलं असतं? जुनी आठवण ओढून-ताणून आणली असती तर ती बनावट वाटली असती, माझ्या मते मग आठवणीशिवायच लिहिलं असतं, नाव, जागा, प्रश्न, आणि तेही चाललं असतं, थोडं कोरडं. ताईंना हे पटत नाही, त्या म्हणतात थांबले असते अजून आठ दिवस, काहीतरी अडकलंच असतं.

नव्या कंपनीतल्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मायक्रॉनला एक फोटो पाठवला. वॉशिंग मशीनच्या बाजूच्या भिंतीवर चिकटवलेला कागद, ताईंच्या अक्षरात, "पार्ट थंड झाल्याशिवाय गेजवर लावू नये." त्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं, "पंखा कुठाय?"